पट्टी, वजन आणि सरासरी : सीजीपीए कसा वाचावा



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर गणित शिकवत. त्यांच्या नावानं बोलायचं तर हिशेबाचाच विषय घ्यावा असं मला वाटलं. म्हणून आज मी पदवीच्या गुणपत्रकाच्या तळाशी छापलेल्या एका आकड्याविषयी बोलणार आहे. त्याला सीजीपीए म्हणतात, मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सीजीपीआय म्हणतात, पवईच्या आयआयटीत सीपीआय म्हणतात आणि कॅन्टीनमधली मुलं नुसतं ‘पॉइंटर’ म्हणतात. ‘पॉइंटर किती आला?’ या प्रश्नाचं उत्तर नोकरीच्या अर्जावर, शिष्यवृत्तीच्या यादीत आणि पुढच्या प्रवेशाच्या रांगेत तीन-चार वर्षांच्या अभ्यासाच्या जागी उभं राहतं.

हा आकडा तयार होताना तीन गोष्टी घडतात. आधी प्रत्येक विषयाचे गुण एका पट्टीवर ठेवून त्यांची श्रेणी ठरते. मग त्या श्रेणीला विषयाच्या श्रेयांकांचं, म्हणजे क्रेडिटचं, वजन मिळतं. शेवटी सरासरी निघते. यातली सरासरी हे शुद्ध गणित आहे आणि त्याबद्दल वाद घालण्यासारखं फारसं काही नाही. पट्टी आणि वजन मात्र माणसांनी बैठकीत बसून ठरवलेली असतात. आपण सगळे भांडतो ते दशांश चिन्हापुढच्या दोन अंकांवर. खरं भांडायचं असेल तर पट्टीवर आणि वजनावर भांडावं, एवढंच मला आज दाखवायचं आहे.

पट्टी

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2014-15 मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं दिली, तेव्हा दहा अंकांची एक पट्टी सुचवली. ओ श्रेणीला 10, ए प्लसला 9, ए ला 8, बी प्लसला 7, बी ला 6, सी ला 5, नुसत्या उत्तीर्णाला 4, आणि नापासाला किंवा गैरहजराला शून्य. या आकड्यांना श्रेणीगुण म्हणतात. आता गंमत अशी, की किती गुणांना ओ द्यायचा आणि किती गुणांना ए, हे या यादीत नाही. ते प्रत्येक विद्यापीठानं आपापलं ठरवायचं.

मुंबई विद्यापीठानं कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांसाठी वापरलेली दहा अंकांची पट्टी घेऊ. तिच्यात 80 आणि त्यावरच्या गुणांना 10 आहेत. 70 पासून 80 च्या आतपर्यंत 9, आणि 60 पासून 70 च्या आतपर्यंत 8. त्यानंतर पट्टी आखडते. 55 ते 60 ला 7, 50 ते 55 ला 6, 45 ते 50 ला 5, 40 ते 45 ला 4, आणि 40 च्या खाली शून्य.

या पट्टीचे खण सारखे नाहीत. सगळ्यात वरचा खण वीस गुणांचा आहे, त्याखालचे दोन दहा-दहांचे, आणि मग पाच-पाचांचे. म्हणजे 81 गुण मिळवणारा आणि 99 गुण मिळवणारा हे या पट्टीच्या दृष्टीनं एकच, दोघांनाही 10. पण 54 आणि 55 यांच्यात मात्र एका पूर्ण श्रेणीगुणाचं अंतर आहे. वरच्या मुलाचे अठरा गुण हिशेबातून गळतात आणि मधल्या मुलाचा एक गुण त्याला पायरीवरून खाली ढकलतो.

दुसऱ्या विद्यापीठात पट्टी वेगळी निघते. काही ठिकाणी ओ साठी 90 लागतात, ए प्लससाठी 80, आणि 8 श्रेणीगुण हवे असतील तर 70 च्या घरात जावं लागतं. म्हणजे एका गुणपत्रकावरचा 8 हा साठीतला असू शकतो आणि दुसऱ्यावरचा सत्तरीतला. मुंबईत याआधी काही वर्षं दहाऐवजी सात अंकांची पट्टी होती. तिच्यात सर्वोच्च श्रेणीगुणच 7 होता आणि तो 70 गुणांपासून मिळे. त्या काळातल्या गुणपत्रकावर 6.20 दिसलं आणि वाचणाऱ्यानं ते दहापैकी समजलं, तर चांगली पदवी साधारण ठरते. त्यात विद्यार्थ्याची काहीही चूक नसते.

आयआयटीसारख्या संस्थांत आणखी निराळा मार्ग आहे. तिथे बऱ्याच विषयांत श्रेणी वर्गातल्या इतरांच्या तुलनेनं ठरते. पेपर अवघड निघाला आणि सगळा वर्ग पन्नाशीत अडकला, तर पन्नाशीतलाच एखादा सर्वोच्च श्रेणी घेऊन जातो. आयोगानं ठरावीक गुणांच्या आणि तुलनेच्या अशा दोन्ही पद्धतींना मोकळीक दिलेली आहे. त्यामुळे ‘आठ पॉइंटर’ या शब्दांना, ते कुठल्या पट्टीवरचे आहेत हे कळेपर्यंत, निश्चित अर्थ नसतो.

वजन

श्रेयांकाची व्याख्या वेळेवर उभी आहे. एका सत्रात दर आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेचे दोन तास म्हणजे एक श्रेयांक. म्हणून आठवड्याला चार तास शिकवला जाणारा विषय चार श्रेयांकांचा होतो, आणि आठवड्याला चार तास चालणारं प्रात्यक्षिक दोन श्रेयांकांचं. अलीकडच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात हिशेब थोडा बदलून वर्गातला, वाचनाचा आणि घरच्या अभ्यासाचा असे मिळून तीस तास म्हणजे एक श्रेयांक, आणि वर्षाला चाळीस श्रेयांक, असं धरलं आहे. महाराष्ट्रात नव्या धोरणाखाली तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक लागतात, म्हणजे सत्राला वीस ते बावीस.

विषयाचं वजन तासांत मोजायची ही रीत अमेरिकेतून आली, आणि तिच्या उगमाचा एक धागा शिक्षकांच्या पेन्शनशी जोडलेला आहे. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. हे पैसे कोणत्या संस्थांना द्यायचे हे ठरवायला ‘महाविद्यालय’ कशाला म्हणायचं ते ठरवणं भाग होतं. कार्नेगी प्रतिष्ठाननं अट घातली, की प्रवेशाला येणाऱ्या विद्यार्थ्यानं शाळेत किमान चौदा ‘युनिट’ पूर्ण केलेले असावेत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे 120 तास. पेन्शन सगळ्यांनाच हवी होती, त्यामुळे हे माप शाळाशाळांत पोचलं आणि पुढे तासांच्या हिशेबाची सवय महाविद्यालयांतही पक्की झाली. हे माप पात्रता तपासण्यासाठी जन्मलं. विषय किती अवघड आहे किंवा विद्यार्थी त्यात किती शिकला, हे मोजणं त्याचं कामच नव्हतं.

ही मर्यादा आजही तशीच आहे. चार श्रेयांकांचं विश्लेषण आणि चार श्रेयांकांचा एखादा सोपा वैकल्पिक विषय यांचं वजन सरासरीत अगदी सारखं पडतं. मुलांना हे फार लवकर कळतं. वैकल्पिक विषय निवडताना वरच्या वर्गातल्या मुलांना विचारायचा पहिला प्रश्न ‘सर कसे शिकवतात’ हा नसून ‘सर मार्क कसे देतात’ हा असतो, तो याच कारणानं. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. सूत्र त्याच्याकडून जे मागतं तेच तो करतो.

श्रेयांक सगळीकडे एकाच आकाराचाही नसतो. पवईच्या आयआयटीत आठवड्याला तीन तास व्याख्यान असलेला विषय सहा श्रेयांकांचा धरतात, कारण तिथे व्याख्यानाचा तास दुप्पट मोजतात आणि प्रयोगाचा एकपट. सगळ्याच विषयांची वजनं त्याच प्रमाणात वाढली तर सरासरीला काहीच फरक पडत नाही. वरही दोन, खालीही दोन. फरक पडतो तो एका संस्थेचे श्रेयांक दुसरीत नेताना. 2021 पासून शैक्षणिक श्रेयांक पेढी सुरू झाली आहे आणि एका विद्यापीठातले श्रेयांक साठवून दुसऱ्यात वापरता येतात. तिथे श्रेयांक जुळवून घेता येतात, पण ज्या पट्टीवर त्यांचे श्रेणीगुण ठरले ती पट्टी बरोबर येत नाही.

एक सत्र, दोन विद्यार्थी

आता प्रत्यक्ष हिशेब करू. सूत्र साधं आहे. प्रत्येक विषयाचे श्रेयांक C आणि श्रेणीगुण G. दोघांचा गुणाकार करायचा, सगळ्या विषयांची बेरीज घ्यायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचं.

```
SGPA = Σ(C × G) / ΣC
```

हे एका सत्राचं. विज्ञान शाखेचं वीस श्रेयांकांचं एक काल्पनिक सत्र घेऊ आणि मघाची मुंबईची पट्टी लावू. दोन विद्यार्थी आहेत. पहिली मुलगी, दुसरा मुलगा. प्रत्येकाचे शंभरपैकी गुण आणि त्यापुढे श्रेणीगुण असे आहेत.

| विषय | श्रेयांक | पहिली | दुसरा |
|---|---|---|---|
| गणित | 4 | 59 → 7 | 60 → 8 |
| भौतिकशास्त्र | 4 | 69 → 8 | 70 → 9 |
| रसायनशास्त्र | 4 | 79 → 9 | 80 → 10 |
| भौतिक प्रयोग | 2 | 98 → 10 | 80 → 10 |
| रसायन प्रयोग | 2 | 96 → 10 | 80 → 10 |
| मराठी | 2 | 79 → 9 | 70 → 9 |
| पर्यावरण | 2 | 69 → 8 | 60 → 8 |

पहिलीचा हिशेब करू. गणितात 4 गुणिले 7, म्हणजे 28. भौतिकशास्त्राचे 32, रसायनशास्त्राचे 36, दोन प्रयोगांचे वीस-वीस, मराठीचे 18, पर्यावरणाचे 16. बेरीज 170. वीस श्रेयांकांनी भागलं की 8.50.

दुसऱ्याचे 32, 36, 40, मग वीस-वीस, 18 आणि 16. बेरीज 182, भागाकार 9.10.

इथे मुलं एक नेहमीची चूक करतात. श्रेणीगुणांची नुसती बेरीज घेऊन विषयांच्या संख्येनं भागतात. तसं केलं तर पहिलीचे 61 भागिले 7, म्हणजे 8.71 येतात. तिचे दहा-दहा दोन श्रेयांकांच्या प्रयोगांत आहेत आणि सात चार श्रेयांकांच्या गणितात, म्हणून वजन लावल्यावर तिचा आकडा 8.50 वर उतरतो. निकाल लागल्यावर ‘मी काढलेला आणि छापलेला पॉइंटर जुळत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी हा भागाकार तपासावा.

आता गुणांकडे पाहा. त्याच श्रेयांकांचं वजन लावून दोघांच्या गुणांची सरासरी काढली, तर पहिलीला 75.6 टक्के पडतात आणि दुसऱ्याला 71. ती साडेचार टक्क्यांहून जास्त पुढे आहे. आणि सत्राच्या पॉइंटरमध्ये ती 0.60 नं मागे आहे. एकाच गुणपत्रकावरून दोन क्रम निघाले, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत.

असं का झालं? गणित, भौतिक आणि रसायन या तीन पेपरांत ती प्रत्येकी एका गुणानं पायरीखाली राहिली. तीन पेपर, तीन गुण. प्रत्येक पायरीचं वजन चार श्रेयांकांचं, म्हणून बारा गुणाकारगुण गेले. ते तीन गुण मिळाले असते तर तिची बेरीज 182 आणि पॉइंटर बरोब्बर दुसऱ्याइतका, 9.10 झाला असता. उलट प्रयोगांत 80 च्या वर मिळवलेल्या 18 आणि 16 गुणांची किंमत शून्य झाली.

हे उदाहरण मी मुद्दाम काठावर बेतलं आहे. सगळेच गुण इतके नेमके पायरीशी येत नाहीत. तीन वर्षांत चाळीसेक विषय होतात. काहींत विद्यार्थी पायरीच्या जरा वर पडतो, काहींत जरा खाली, आणि ही कमीजास्ती बरीचशी एकमेकांना खाऊन टाकते. पण पूर्ण कधीच नाही. आणि एका प्रकारच्या विद्यार्थ्याचं नुकसान तर भरूनच येत नाही. ज्याचे गुण खूप उंचसखल आहेत, एका विषयात 95 आणि दुसऱ्यात 58, त्याला ही पट्टी नेहमी थोडी खाली ओढते, कारण वरचा वीस गुणांचा खण त्याची उंची कापून टाकतो. सगळ्या विषयांत सत्तरीच्या आसपास सपाट चालणाऱ्याला ती सोयीची पडते.

सत्रांची बेरीज

सीजीपीए म्हणजे सगळ्या सत्रांचा असाच एकत्र भागाकार. प्रत्येक सत्राच्या पॉइंटरला त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचं.

```
CGPA = Σ(Ci × Si) / ΣCi
```

यात Si म्हणजे त्या सत्राचा एसजीपीए आणि Ci म्हणजे त्या सत्राचे एकूण श्रेयांक. आपल्या पहिल्या विद्यार्थिनीबरोबर पुढे जाऊ. पहिल्या सत्रात वीस श्रेयांक आणि 8.50. दुसऱ्यातही वीस, 7.80. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यात बावीस-बावीस श्रेयांक, आणि पॉइंटर अनुक्रमे 7.50, 8.00 आणि 7.00. गुणाकार झाले 170, 156, 165, 176 आणि 154. बेरीज 821, एकूण श्रेयांक 106.

आता ती आठच्या घरात जायचं ठरवते. सहाव्या सत्रात बावीस श्रेयांक आहेत, म्हणजे शेवटी 128 होतील. 128 गुणिले 8 म्हणजे 1024. त्यातून 821 वजा केले तर 203 उरतात. बावीस श्रेयांकांत जास्तीत जास्त 220 मिळू शकतात. तिला शेवटच्या सत्रात जवळजवळ 9.23 हवेत. सध्याची सरासरी आठला फक्त पाव श्रेणीगुणानं कमी आहे, पण ते पाव भरून काढायला एका सत्रात दीड श्रेणीगुण वर उडी मारावी लागते. भागाकारातला छेद दर सत्राला वाढत जातो, म्हणून शेवटच्या सत्राचं बळ पहिल्याइतकं राहत नाही. ‘शेवटच्या वर्षी बघू’ असं म्हणणाऱ्या मुलानं हा हिशेब पहिल्याच वर्षी एकदा करून पाहावा.

या 821 भागिले 106 मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. भागाकार येतो 7.7452 आणि पुढे आणखी अंक. दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन केलं तर 7.75. पुढचे अंक नुसते कापले तर 7.74. पाचही सत्रांच्या पॉइंटरची वजन न लावता सरासरी घेतली तर 7.76. तीन रीती, तीन आकडे. आयोगाची तत्त्वं दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन करा असं सांगतात. पण संगणकाच्या तक्त्यात कुणी अंक कापण्याचं सूत्र घातलं, किंवा सत्राचे आधीच पूर्णांक केलेले आकडे पुढे वापरले, तर शेवटच्या अंकात फरक पडतो. आणि हा फरक कधीकधी महाग पडतो, ते थोड्याच वेळात दिसेल.

आता नापास झालेल्या विषयाचं काय? समजा, आपल्या विद्यार्थिनीला पहिल्या सत्रात गणितात 59 ऐवजी 38 पडले. श्रेणीगुण शून्य. बेरजेतून 28 गेले, 142 उरले. विषय घेतला होता, म्हणून त्याचे चार श्रेयांक छेदात राहतात, आणि 142 भागिले 20 म्हणजे 7.10. हे आयोगाच्या व्याख्येला धरून आहे; घेतलेल्या सगळ्या विषयांचे श्रेयांक मोजायचे. पण समजा कुणी ‘श्रेयांक मिळालेच नाहीत, तर मोजायचे कशाला’ म्हणून ते चार काढून टाकले, तर 142 भागिले 16 म्हणजे जवळजवळ 8.88 होतात. गणितात नापास झाल्यावर पॉइंटर 8.50 वरून 8.88 वर चढला! म्हणून बऱ्याच ठिकाणी केटी सुटेपर्यंत सत्राचा पॉइंटर छापतच नाहीत. कुठल्याही हिशेबात नापास झाल्यावर आकडा वाढलेला दिसला, तर छेद चुकला आहे असं खुशाल समजावं.

टक्केवारीचा मोह

सीजीपीए आला तरी आपला टक्क्यांवरचा विश्वास गेला नाही. अर्जात ‘टक्केवारी लिहा’ असा रकाना असतोच. मग रूपांतराची सूत्रं निघतात. सगळ्यात प्रसिद्ध 9.5 नं गुणण्याचं. ते सीबीएसईचं, दहावीच्या निकालासाठी. सर्वोच्च श्रेणीत 91 ते 100 मध्ये येणाऱ्या मुलांची सरासरी सुमारे 95 असे, तिला दहानं भागून 9.5 आला. दहावीच्या त्या पट्टीसाठी ते एक अंदाजाचं सूत्र होतं. आज लोक ते पदवीलाही लावतात, तिथे त्याला काहीच आधार नाही.

दुसरं, एआयसीटीईच्या नियमपुस्तिकेतलं कोष्टक. त्यात 6.25 म्हणजे 55 टक्के, 6.75 म्हणजे 60, 7.25 म्हणजे 65, 7.75 म्हणजे 70 आणि 8.25 म्हणजे 75. थोडक्यात, पॉइंटरमधून 0.75 वजा करा आणि दहानं गुणा. आपल्या विद्यार्थिनीचा पाच सत्रांनंतरचा 7.75 बरोबर 70 टक्के होतो. अंक कापले असते तर 7.74, म्हणजे 69.9 टक्के. 70 टक्क्यांची अट असलेल्या जागेसाठी पहिली पात्र आणि दुसरी अपात्र, आणि दोघी एकच मुलगी.

यापेक्षाही मोठी अडचण मूळ पट्टीत आहे. मघाच्या मुंबईच्या पट्टीवर सगळ्या विषयांत 60 ते 69 मिळवणाऱ्याचा सीजीपीए 8 होतो. एआयसीटीईच्या सूत्रानं त्याचे 72.5 टक्के होतात, 9.5 नं गुणलं तर 76. या मुलाला एकाही विषयात 70 पडलेले नाहीत, आणि सूत्र त्याला सत्तरीपार नेतं. उलट जिथे 8 श्रेणीगुण सत्तरीत मिळतात, तिथे तोच आकडा खऱ्या गुणांच्या बराच जवळ जातो. आपल्या दोन विद्यार्थ्यांचंही पाहा. 8.50 चे 77.5 टक्के होतात आणि 9.10 चे 83.5. प्रत्यक्ष गुणांची सरासरी होती 75.6 आणि 71. पहिलीला सूत्रानं दोनेक टक्के जास्त दिले, दुसऱ्याला साडेबारा.

हे सूत्राचं अपयश आहे असं मी म्हणणार नाही. गुणांवरून श्रेणी काढताना जी माहिती टाकून दिली, ती श्रेणीवरून परत मिळणं शक्यच नाही. 8 हा आकडा 60 आणि 69 यांतला फरक विसरलेला असतो. त्याला कुठल्याही सूत्रानं गुणलं तरी तो आठवत नाही.

युरोपात विद्यापीठं आपापसांत श्रेयांक बदलून घेऊ लागली तेव्हा हाच प्रश्न आला. सुरुवातीला त्यांनी वर्गाच्या वरच्या दहा टक्क्यांना एक श्रेणी, पुढच्या पंचवीसांना दुसरी अशी एक समाईक पट्टी चालवून पाहिली. ती टिकली नाही. 2009 पासून त्यांनी तिच्याऐवजी श्रेणींचं वाटप छापायची रीत आणली. या अभ्यासक्रमात उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी किती टक्क्यांना कोणती श्रेणी मिळाली, एवढं कोष्टक. वाचणाऱ्यानं ते पाहून स्वतः ठरवायचं, की या संस्थेतली वरची श्रेणी सहज मिळते की क्वचित. रूपांतराचं एकच सूत्र शोधण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो, आणि त्याला खर्च म्हणाल तर गुणपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानाचा.

आकड्याला किती ताणावं

शेवटी त्या दोन दशांशांकडे येऊ, कारण निवड समित्यांचं खरं काम तिथे चालतं. 8.43 वाला आत आणि 8.41 वाला बाहेर, अशा याद्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

आपल्या पदवीला 128 श्रेयांक आहेत. चार श्रेयांकांच्या एका विषयात एक पायरी वर किंवा खाली गेली, की बेरजेत चार गुणाकारगुणांचा फरक पडतो. चार भागिले 128 म्हणजे 0.03. म्हणजे तीन वर्षांत एका पेपरमध्ये 59 ऐवजी 60 पडले, एवढ्यानंच सीजीपीए 0.03 नं हलतो. दोन श्रेयांकांचा विषय असेल तर 0.016 नं. उत्तरपत्रिका तपासणारे दोन परीक्षक एकाच पेपरला एक-दोन गुणांनी वेगळे गुण देतात, हे शिक्षक मित्रांना मी सांगायला नको. तेवढ्या फरकानं आकडा जितका हलतो, त्याहून लहान अंतरावर माणसांची क्रमवारी लावणं म्हणजे परीक्षकाच्या पेनाची क्रमवारी लावणं आहे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत आणि दोन्ही आजच्या नियमांत बसतात. विद्यापीठांनी गुणपत्रकावर श्रेणीबरोबर मूळ गुण, वापरलेली पट्टी आणि त्या वर्षी किती विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळाली याचं कोष्टक छापावं. ही सगळी माहिती परीक्षा विभागाकडे असतेच; ती विद्यार्थ्याच्या हातात पडायला हवी. आणि निवड करणाऱ्यांनी, म्हणजे प्रवेश समित्यांनी, कंपन्यांनी, शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी, एकाच विद्यापीठाच्या एकाच अभ्यासक्रमातल्या दोन सीजीपीएंमध्ये 0.03 किंवा त्याहून कमी अंतर असेल तर ते समान धरून पुढचा निकष लावावा. अंतिम वर्षाचा प्रकल्प पाहावा, त्या कामाशी संबंधित दोन विषयांचे गुण पाहावेत, मुलाखत घ्यावी. वेगवेगळ्या विद्यापीठांचे आकडे तर पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय एका रांगेत लावूच नयेत.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन, की आपल्या विद्यापीठाची पट्टी पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवून ठेवा, प्रत्येक विषयासमोर त्याचे श्रेयांक लिहा, आणि निकाल लागल्यावर भागाकार स्वतः करून छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला नाही तर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाआधी छेद तपासा. आणि छेद बरोबर असूनही आकडा जुळत नसेल, तर तो कागद घेऊन परीक्षा विभागात जा. तुमची बाजू भक्कम असेल.